कारणाचा रकाना

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर माझं सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मी, दर्शना. माझ्या टेबलावरून गेलेला अर्ज परत येत नाही, अशी गल्लीत माझी ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवली आहे हे खरं, पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

माझ्याकडे निम्मी गर्दी नावाची भानगड घेऊन येते. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. मराठीत माणूस एकच असतो, इंग्रजीत त्याचे तीन होतात, आणि मग बँकेचं मशीन म्हणतं की हा माणूस तो नाहीच. लोक घाबरून सगळे कागद एकदम बदलायला निघतात. मी त्यांना दम देऊन बसवते आणि सांगते, आधी एक कागद खुंटा म्हणून ठोका, मग बाकीची जनावरं त्याला बांधा. आणि आधारला उगाच हात लावू नका, त्यावरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं.

एवढं सगळं ज्ञान पाजळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या वडिलांचं पॅन आधारला जोडलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी कधी विचारलं की आबा म्हणायचे, "मला पॅन लागत नाही. छापखान्याचं पेन्शन ते केवढं, त्याला कोण टॅक्स लावतंय?" मीही सोडून द्यायचे.

आबा म्हणजे धोंडिबा सखाराम हिवराळे, वय एकाहत्तर. वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मशीनवर उभे राहिलेले. राहायला अजून किसननगरच्या चाळीतच. निवृत्त झाल्यावर त्यांनी वस्तीतल्या पोरांसाठी अभ्यासिका काढायचं डोक्यात घेतलं. घरात दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही, पोरं वाचणार कुठे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. बारा वर्षं त्यांनी लोकांचे दरवाजे ठोठावले. शेवटी एक हॉल मिळाला, ट्रस्ट नोंदला गेला, आबा अध्यक्ष झाले. ठरावात लिहिलं गेलं की ट्रस्टचं खातं अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या सहीने चालेल.

सचिव म्हणजे प्रशांत. चाळिशीचा, खाजगी कंपनीत अकाउंटंट, कामाला वाघ आणि धीराला ससा. त्याने नौपाड्यातल्या एका बँकेत खात्याचे कागद दिले. देणगी देणारे तयार होते, पण खातं नाही तोवर देणगी घेता येत नव्हती, आणि देणगी नाही तोवर टेबल-खुर्च्या नव्हत्या. स्पर्धा परीक्षेची तीस मुलं-मुली सतरंजीवर पाठ वाकवून बसत होती. मुलींमधली एक तर कमरेला पट्टा बांधून यायची.

आठवड्याने बँकेतून फोन आला, अध्यक्षांची ओळख पटत नाही. मी दुकान बंद करून ठाण्याला गेले. आबा आणि प्रशांत आधीच येऊन बसलेले. खात्यांचं काम बघणारी अधिकारी मैथिली नावाची होती, माझ्याहून लहान, बोलायला नीट. तिने आबांसाठी पाणी मागवलं आणि मला एकटीलाच टेबलापाशी बोलावलं. ते मला खटकलं.

"ताई, दोन ठिकाणी अडतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "आडनाव आधारवर वेगळं आहे. ते बारीक आहे, होतं असं. पण पहिलं नावच दोन्हीकडे एक नाहीये. पॅनवर बघा."

तिने पॅनची झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाचं पॅनकार्ड बघत होते. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, धोंड्या सखाराम हिवराळे.

मैथिलीने आवाज का खाली केला होता ते मला कळलं. तिच्याबद्दल मला तेव्हाच बरं वाटलं, आणि स्वतःबद्दल वाईट, कारण आडनावाची चूक माझी होती. ती सांगूनच टाकते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी आधारच्या कॅम्पमध्ये ऑपरेटर होते. नवीन नोकरी, नवीन खुर्ची, आणि पहिल्याच दिवशी मी आबांना रांगेत उभं केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीत नाव टाकलं की शेजारच्या चौकटीत मराठी आपोआप उमटायचं. आमच्या आडनावाचं इंग्रजी सगळीकडे व्ही नंतर थेट आर, असं आहे. ते तसं टाकलं की मराठीत उमटायचं 'हिव्राळे'. मला ते बघवेना. मराठी चौकटीत जाऊन ते हाताने सुधारायचं असतं हे मला शिकवलेलं होतं, पण मी घाईत इंग्रजीतच मध्ये एक ए घुसवला. मराठी 'हिवराळे' झालं, मी खूश झाले, आबांनी अंगठे दिले. मराठी सरळ करायला गेले आणि इंग्रजी वाकडं करून ठेवलं. मराठी वाचून कोणी तपासणार नाही, मशीन फक्त इंग्रजीच जुळवणार, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

"सोपा उपाय आहे," बाहेर आल्यावर मी प्रशांतला म्हणाले. आबा रस्त्यापलीकडे रिक्षा बघत होते. "पॅन पुरावा म्हणून लावायचं आणि आधारवरचं नाव पॅनसारखं करून टाकायचं. नाव, आडनाव, दोन्ही एका फटक्यात. पंधरा-वीस दिवसांत मोकळे."

"मग करून टाक ना ताई. पोरं खाली बसलीयत."

"करते. आबांना सही करायला लावते फक्त."

फक्त, असं मी म्हणाले. आता लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अर्ज भरून किसननगरला गेले. आबांपुढे कागद ठेवला, पेन ठेवलं, आणि सहीची जागा बोटाने दाखवली. हे मी रोज करते. दिवसाला चाळीस माणसं माझ्या बोटाखाली सही करतात आणि कोणी वाचत नाही. आबांनी खिशातून चष्मा काढला. छापखान्यात काम केलेला माणूस, वाचल्याशिवाय त्यांनी दुधाच्या बिलावरही कधी सही केली नव्हती.

ते एक एक अक्षर बघत खाली आले आणि थांबले.

"हे माझं नाव बदलून काय करतेयस?"

"आबा, पॅनशी जुळवायचंय. कागदापुरतं. तुम्हाला हाक कोण मारणारे तसं?"

"मारायचे," आबा म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून मिटला. मग उठून फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून शाळा सोडल्याचा दाखला माझ्यासमोर ठेवला. कडा झिजलेल्या, घडीवर चिकटपट्टी. विद्यार्थ्याचं नाव, धोंड्या.

"माझा बाप मला शाळेत घालायला गेला तेव्हा त्याने नाव सांगितलं धोंडिबा. हेडमास्तरने लिहिलं धोंड्या. आमच्या आळीतल्या सगळ्या पोरांची नावं त्याने अशीच लिहिली. वरच्या आळीतल्या एकाचं नाव माझंच, धोंडिबा, ते धोंडिबाच लिहिलं. एका पानावर, एका शाईने. बापाला वाचता येत नव्हतं. त्याने खाली अंगठा दिला आणि मास्तरच्या पाया पडून आला."

मी दाखला घडीवर मिटून त्यांच्याकडे सरकवला.

"पुढे छापखान्याने सगळ्यांचे पॅन काढले. जन्मतारखेला दाखला मागितला, क्लार्कने दाखल्यावरून नाव उतरवलं. कार्ड हातात आलं त्या दिवशी डब्यात टाकलं. मला पॅन लागत नाही असं का म्हणायचो, कळलं आता? अभ्यासिकेसाठी म्हणून पहिल्यांदा बाहेर काढलं." त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "सगळ्या कागदांत हे एक आधार तेवढं बरोबर होतं. ते तू बसवलेलंस, म्हणून मला त्या कार्डाचा अभिमान होता. आणि आता तूच हे लिहून आणलंस."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी अर्ज फाडून टाकला. माझ्या हातचा अर्ज परत आला नव्हता कधी. हा मीच परत घेतला.

मग चहा झाला आणि मी माझ्या मूळ स्वभावावर आले. खुंटा कुठला, ते आधी ठरवायचं. खुंटा धोंडिबाच. फक्त आडनावाचं स्पेलिंग असतं तर गोष्ट छोटी होती, पण पॅनवरचं पहिलं नावच बदलायचं, म्हणजे राजपत्र. शासनाच्या राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव छापून आणायचं. तो कागद हातात आला की आधारवर माझा तो आगाऊ ए काढायचा, मराठी चौकट यावेळी हाताने तपासायची. मग राजपत्र आणि आधार दोन्ही जोडून पॅन दुरुस्त करायचं. मग दंड भरून पॅन आधारला जोडायचं. आणि सगळ्यात शेवटी बँक. हा क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

"दिवस किती?" आबांनी विचारलं.

"दोन महिने धरा. अडीच."

"पोरं जमिनीवर आहेत," ते म्हणाले.

रविवारी अभ्यासिकेतच कमिटीची बैठक झाली. आबा उभे राहिले आणि त्यांनी थोडक्यात सांगितलं की माझे कागद जुळायला अडीच महिने लागतील, तेवढं थांबणं मुलांवर अन्याय आहे, तेव्हा अध्यक्ष दुसरा करावा. आवाज स्थिर होता. बारा वर्षं ज्यासाठी उन्हातान्हात फिरले ते त्यांनी असं दोन वाक्यांत काढून ठेवलं. प्रशांतने मान खाली घातली, पण तो नको म्हणाला नाही. मला त्याचा राग आला आणि त्याचं बरोबर आहे हेही कळत होतं.

"अडीच महिने कशाला पण?" दौलतकाका कडाडले. दौलतकाका आबांच्याच गावचे, वर्षभर मोठे, आणि कुठल्याही ठरावाला आधी विरोध करणारे. "स्पेलिंगचं काय एवढं कौतुक. घाला एक अक्षर इकडचं तिकडे. कोण बघतंय?"

आबांनी नुसतं सांगितलं, "दौलत, पॅनवर दाखल्यातलं नाव आहे. दाखल्यातलं."

दौलतकाकांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मग ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. मला वाटलं, गेले रागावून. प्रशांतने नवीन अध्यक्षासाठी नावं मागितली. कोणी नाव सुचवेना. तेवढ्यात काका परत आले, धापा टाकत, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी तसाच एक झिजलेला दाखला काढला आणि प्रशांतच्या पुढ्यात ठेवला.

"वाच. मोठ्याने."

प्रशांतने वाचलं. "दौल्या."

"माझं पॅन रेशनकार्डावरून निघालं, म्हणून मी सुटलो. हा नाही सुटला. एवढाच फरक आमच्यात." काका खाली बसले. "माझी नात पोलीस भरतीचा अभ्यास करते, इथेच, त्या कोपऱ्यात. तिला मी हा कागद कधी दाखवला नाही. म्हणायचो हरवला. अध्यक्ष बदलायचा नाही. याला काढायचं, नाहीतर धोंड्या करून सही घ्यायची, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. अडीच महिने काय, अडीच वर्षं थांबू."

मागे सतरंजीवर मुलं बसलेली होती. बैठक असली तरी त्यांना कोणी उठवलं नव्हतं, आणि सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. ती पट्टा बांधून येणारी मुलगी उभी राहिली. रचना तिचं नाव. "आम्ही बसतो खाली, काका," ती म्हणाली. "आम्हाला काही होत नाही."

त्या दिवशी मला त्या वस्तीचा, त्या सतरंजीचा आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाचा असा अभिमान वाटला की मी घरी जाताना रिक्षावाल्याशी भांडलेसुद्धा नाही.

प्रशांतने बँकेला पत्र दिलं की कागदांची दुरुस्ती चालू आहे, अर्ज पुन्हा देऊ. मैथिलीने त्याला सांगितलं की घाई करू नका, क्रमाने या, आणि राजपत्राची एक प्रत आम्हालाही द्या.

राजपत्राचा अर्ज मी माझ्या दुकानात भरला. एक नाही, दोन. दौलतकाकांच्या कुठल्याच खात्याचं काही अडलेलं नव्हतं, तरी ते म्हणाले, माझंही छाप. फोटो, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जुनं नाव, नवं नाव. मग आला कारणाचा रकाना. नाव बदलण्याचं कारण. तिथे लोक वाटेल ते लिहितात. कोणाला ज्योतिषाने सांगितलेलं असतं, कोणाचा घटस्फोट झालेला असतो. नावाची चूक असली की मी ठोकळेबाज मजकूर टाकते, 'जुन्या कागदपत्रांतील चूक'. माझी बोटं ते टाइप करायला निघालीही होती.

"थांब," आबा म्हणाले. "ती चूक नव्हती."

त्यांनी विचार करून एक वाक्य सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं टाकलं. 'वडिलांनी सांगितलेले नाव शाळेने लिहिले नव्हते.' दौलतकाका शेजारी बसलेले, ते म्हणाले, "माझ्यात पण हेच टाक. काना-मात्रा बदलू नको."

पुढचं सगळं क्रमाने झालं. राजपत्र आलं, त्यात एका ओळीत जुनं नाव, नवं नाव. ठाण्याच्या आधार केंद्रात मी ऑपरेटरच्या खांद्यावर वाकून उभी राहिले आणि त्या बिचाऱ्याला मराठी चौकट तीनदा वाचायला लावली. 'हिव्राळे' उमटलंच, आणि त्याने ते हाताने सुधारलं. मला जे तेरा वर्षांपूर्वी करायचं होतं ते एवढंसंच होतं. नंतर पॅन आलं, नवीन, चकचकीत. दंड भरला, जोडणी झाली. आबांनी विचारलं की शाळेच्या दाखल्याचं काय. मी सांगितलं, शाळा सोडल्यावर तो बदलत नाही, तसाच राहतो, त्याला राजपत्राची प्रत जोडायची.

"राहू दे," ते म्हणाले. "जोडलेलाच बरा. दोन्ही दिसलं पाहिजे."

दहा आठवडे आणि चार दिवसांनी आम्ही पुन्हा नौपाड्यात गेलो. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. दौलतकाका काही काम नसताना आले होते. मैथिलीने पॅनचा नंबर टाकला, आधारची ओळख घेतली, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती हसली. यावेळी तिने मला बाजूला बोलावलं नाही.

"जुळलं, काका," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"मला बघायचंय," आबा म्हणाले.

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. आबांनी चष्मा लावला आणि छापखान्यात जुळवलेले अक्षरांचे खिळे तपासावेत तसं बोट धरून वाचलं. डी, एच, ओ, एन, डी, आय, बी, ए. मग पुढचं. मग त्यांनी मान हलवली, म्हणजे छपाईला हरकत नाही.

"नमुन्याची सही इथे करा, काका. इंग्रजी, मराठी, कुठलीही चालेल. पुढे तीच लागेल."

एकतीस वर्षं पगाराच्या कागदावर आबांची सही होती ती नुसतं 'धों. स. हि.' अशी. मी ती लहानपणापासून बघत आलेय. त्या दिवशी त्यांनी पेन घेतलं आणि मराठीत सबंध नाव लिहायला सुरुवात केली. चौकट छोटी होती. मी म्हणाले, "आबा, आखूड करा, प्रत्येक चेकवर एवढं लिहावं लागेल."

"लिहीन," आबा म्हणाले. "माझ्या बापाला अंगठ्याच्या वर काय लिहिलंय ते कळलं नव्हतं."

त्यांनी धोंडिबा लिहिलं, हिवराळे लिहिलं, आणि मधलं सखाराम सगळ्यात सावकाश लिहिलं. ते चौकटीच्या बाहेर थोडं गेलं. मैथिलीने बघितलं आणि चालेल म्हणाली.